व्याज जिथल्या तिथे, मग उत्पन्न वाढलं कुठून? (आयएस-एलएम-बीपी, तरंगता दर)

दिग्रसची_वाचक

नमस्कार. एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. गावात राहूनच अभ्यास करते, त्यामुळे शंका विचारायला इथेच येते.

छोटा देश आहे. भांडवलाला आत-बाहेर जायला कसलीही आडकाठी नाही, विनिमय दर बाजारावर सोडलेला आहे आणि मध्यवर्ती बँक पैशाचा पुरवठा वाढवते. बीपी रेषा आडवी काढायची, एलएम उजवीकडे सरकवायची, इथपर्यंत समजलं. मग आयएसही उजवीकडे जाते आणि शेवटचा बिंदू पुन्हा त्याच आडव्या रेषेवर येतो. म्हणजे व्याजदर आधी होता तेवढाच. पण आमच्या नोट्समध्ये आकृतीखाली लिहिलंय की व्याजदर घटल्यामुळे गुंतवणूक वाढते आणि म्हणून उत्पन्न वाढतं. व्याज शेवटी घटलंच नाही तर गुंतवणूक वाढली कशी?

दुसरी शंका. चलन घसरलं की बीपी रेषासुद्धा उजवीकडे सरकते असं एका पुस्तकात आहे. दुसऱ्यात ती जागची हलत नाही. कोणतं धरायचं?

बँकवाला_पुसद

ताई, नोट्स बरोबर आहेत. बाजारात पैसा वाढला की व्याज खाली येतं, कर्ज स्वस्त होतं, लोक मशिनरी घेतात, गोदाम बांधतात. शाखेत बसून हे आम्ही दर वेळी बघतो. व्याज नंतर परत चढतं हे खरं, पण तोवर गुंतवणूक होऊन गेलेली असते.

आणि एक गोष्ट पुस्तकवाले सांगत नाहीत. रुपया घसरायला लागला की रिझर्व्ह बँक डॉलर विकते आणि त्या बदल्यात रुपये ओढून घेते. पैसा परत कमी झाला, एलएम परत डावीकडे. म्हणजे शेवटी हाती काही उरत नाही.

कास्तकार_वणी

मी त व्याजदर वाचून इथं आलो. पीककर्जाचं व्याज कमी होते का नाही, तेवढं सांगा जी कोणी. मार्चच्या आधी भरायचं हाय.

आर्वीकर_सर

@कास्तकार_वणी भाऊ, इथे चाललेल्या गोष्टीचा तुमच्या पीककर्जाशी संबंध नाही. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा ७ टक्के दर आणि वेळेवर फेडल्यास मिळणारी ३ टक्क्यांची सवलत सरकारी योजनेनं ठरते. बाजारातलं व्याज थोडं वर-खाली झालं म्हणून ती बदलत नाही. मुदतीच्या आत भरा, सवलत तिथेच आहे.

@दिग्रसची_वाचक, नोट्समधलं ते वाक्य बंद अर्थव्यवस्थेचं आहे, इथे जसंच्या तसं चिकटवलेलं दिसतं. आपण एक काल्पनिक देश घेऊ आणि आकड्यांनीच बघू. वर्गात मी हेच करायचो, कारण नुसत्या आकृतीत ही गोष्ट हातातून निसटते.

```
C   = 100 + 0.7Y
I   = 150 - 10i
G   = 100
NX  = 2e - 60 - 0.1Y
M/P = 0.5Y - 20i
i*  = 5,  P = 1
```

e म्हणजे एका डॉलरला मोजावे लागणारे रुपये. तो वाढला म्हणजे रुपया घसरला. सुरुवातीला पैसा ४०० आणि e ८० धरा. उत्पन्न १०००, व्याज ५, गुंतवणूक १०० आणि निव्वळ निर्यात शून्य येते. ताळा स्वतः करून बघा.

आता बँकेनं पैसा ४४० केला. क्षणभर समजा की e ८० वरच अडकून बसलाय. दोन्ही समीकरणं सोडवली की व्याज ३.७७ येतं आणि उत्पन्न १०३१ च्या आसपास. गुंतवणूक १०० वरून ११२ वर जाते. तुमच्या नोट्स इथपर्यंत खऱ्या आहेत.

पण हा बिंदू टिकत नाही. बाहेर ५ टक्के मिळतात आणि पैसा न्यायला अडथळा नाही, तर ३.७७ वर इथे कोण थांबेल? जो तो रुपये विकून डॉलर मागतो, डॉलर महाग होतो. आपला माल परदेशात स्वस्त पडतो, परदेशी माल इथे महाग पडतो, निव्वळ निर्यात वाढते आणि आयएस उजवीकडे सरकते. उत्पन्न वाढलं की व्यवहारासाठी पैशाची मागणी वाढते आणि त्यानंच व्याज परत वर चढतं. ते ५ ला टेकलं की डॉलरची ओढ थांबते.

शेवटचं उत्पन्न काढायला आयएसकडे बघायचीही गरज नाही. एलएममध्ये i = 5 घाला: 440 = 0.5Y - 100, म्हणजे उत्पन्न १०८०. मग उलटं चालत e काढा. १०८० उत्पन्नाला उपभोग ८५६, गुंतवणूक १००, सरकारी खर्च १००, बेरीज १०५६. उरलेले २४ निव्वळ निर्यातीतून यायलाच हवेत. त्यासाठी e ९६ लागतो.

आता गुंतवणूक पुन्हा पहा. ती १०० होती, १००च आहे. वाढलेल्या ८० पैकी २४ निव्वळ निर्यात आणि त्या जोरावर वाढलेला उपभोग ५६. पैसा वाढवण्याचा परिणाम व्याजाच्या वाटेनं आलेलाच नाही, तो विनिमय दराच्या वाटेनं आला. e ८० वर असतानाच्या त्या क्षणभराच्या बिंदूवर उत्पन्न ३१ नंच वाढलं होतं, e मोकळा होता म्हणून ८० नं वाढलं.

बीपीचं उत्तर याहून छोटं आहे. भांडवल पूर्ण मोकळं असताना त्या रेषेचं समीकरण म्हणजे i = i*, एवढंच. त्यात e कुठेच नाही, मग e बदलल्यानं ती हलेल कशी? तुमच्या पहिल्या पुस्तकातली रेषा तिरकी असणार, म्हणजे भांडवलाला थोडी अडचण असलेला देश. तिथे चलन घसरलं की रेषा खरोखर उजवीकडे जाते. दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत, गृहीतकं वेगळी आहेत.

दिग्रसची_वाचक

सर, ताळा जुळला. e ९६ च आला. पण निव्वळ निर्यात २४ झाली म्हणजे चालू खात्यावर शिल्लक. आणि तुम्ही म्हणता डॉलरची ओढ थांबली. मग ती २४ ची शिल्लक जाते कुठे?

आर्वीकर_सर

बाहेर जाते. मालाच्या विक्रीतून २४ जास्त आले आणि तेवढंच भांडवल दर वर्षी परदेशात गुंतवलं जातं. मध्यवर्ती बँकेनं डॉलरला हात लावलेला नाही, त्यामुळे चालू खातं आणि भांडवल खातं एकमेकांना तंतोतंत फेडतात. थांबते ती e ला वर ढकलणारी जादाची ओढ. वाहणं थांबत नाही.

@बँकवाला_पुसद, तुम्ही डॉलर विकण्याचं जे सांगितलं ते चुकीचं नाही, पण ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. दर बांधून ठेवलेला असेल तर बँकेला डॉलर विकावेच लागतात, गंगाजळी घटते, पैसा आटतो आणि एलएम होती तिथे परत येते. तिथे पैसा वाढवून काहीच साधत नाही. ताईंच्या प्रश्नात दर मोकळा आहे. बँक डॉलर विकतच नाही, म्हणून ४४० चे ४४० बाजारात राहतात. रॉबर्ट मंडेल यांचा १९६३ चा लेख आणि त्याआधी १९६२ मध्ये मार्कस फ्लेमिंग यांनी मांडलेलं, दोन्हींचा गाभा हा फरक आहे. मंडेल यांच्या डोळ्यांसमोर कॅनडा होता. बाकीचं जग बांधलेल्या दरांवर चालत असताना त्या देशानं १९५० ते १९६२ डॉलर तरंगता ठेवला होता.

बँकवाला_पुसद

सर, मोकळा दर पुस्तकात. आपल्याकडे मार्च १९९३ पासून दर बाजार ठरवतो असं म्हणतात, तरी रुपया जास्त पडायला लागला की रिझर्व्ह बँक उतरतेच ना? आणि माझा ग्राहक पाच टक्के दिसले म्हणून उद्या न्यूयॉर्कला पैसे नेऊ शकतो का? त्याला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, अर्ज आहे, कागद आहेत. मग ही आडवी रेषा आपल्याला लागू कशी?

आर्वीकर_सर

पूर्णपणे लागू नाही, हे मान्य. भारताची रेषा तिरकी काढावी लागेल आणि दर अर्धवट मोकळा धरावा लागेल. तशा देशात पैसा वाढवला तर व्याज थोडं खालीच राहतं, थोडी गुंतवणूकही वाढते, थोडी निर्यातही. तुम्ही शाखेत बघता ते त्यातलंच. पण परीक्षेत प्रश्न पूर्ण गतिशीलतेचा असेल तर गुंतवणूक वाढते असं लिहिलं की गुण जातात आणि ते योग्यच आहे.

मुंबईत_वर्धेचा

मी चलन खरेदी-विक्रीच्या डेस्कवर काम करतो. सरांच्या मांडणीत एक जागा मला खटकते.

सर, तुमच्या गोष्टीत आधी व्याज पडतं, मग पैसा बाहेर पळतो, मग e चढतो. बाजारात हा क्रम दिसत नाही. पैसा बाहेर जाईपर्यंत कोणी थांबत नाही. बँक पैसा वाढवणार अशी कुणकुण लागली तरी भाव आधी बदलतो, व्यवहार नंतर होतात. जपानचं बघा. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं पायाभूत पैसा दोन वर्षांत दुप्पट करायचा निर्णय ४ एप्रिल २०१३ ला जाहीर केला. येन मात्र नोव्हेंबर २०१२ पासूनच घसरत होता, कारण निवडणुकीनंतर येणारं सरकार हेच करायला लावणार हे सगळ्यांना दिसत होतं. डॉलरला ८० येनच्या आसपास असलेला भाव मे २०१३ मध्ये १०० च्या पार गेला.

पण याहून मोठी गोष्ट तुमच्याच आकड्यांत दडलेली आहे. पैसा ४०० वरून ४४०, म्हणजे १० टक्के वाढला. तुम्ही P एकवर गोठवला आहे. तो कायम गोठलेला राहणार नाही. किमती हळूहळू १० टक्के वाढल्या की ४४० ची खरी किंमत पुन्हा ४०० होते, उत्पन्न १००० वर परत येतं, आणि e कुठे थांबतो? ८८ वर. म्हणजे तुमचा रुपया ८० वरून ९६ ला गेला आणि मग ८८ ला परत आला. आधी गरजेपेक्षा जास्त घसरला.

हे आम्हाला आधीच माहीत असेल तर? ९६ वरचा रुपया पुढे सावरणार हे दिसत असेल, तर मी ५ टक्क्यांपेक्षा कमी व्याजावरही रुपयात थांबेन, कारण उरलेलं मला रुपया वधारण्यातून मिळेल. म्हणजे भांडवल पूर्ण मोकळं असूनही इथलं व्याज काही काळ ५ च्या खाली राहू शकतं. डॉर्नबुश यांनी १९७६ मध्ये हेच मांडलं. आणि व्याज ५ च्या खाली असेल तर तुमच्याच एलएमप्रमाणे उत्पन्न १०८० ला पोहोचत नाही, अलीकडेच थांबतं.

आर्वीकर_सर

८८ चा हिशेब बरोबर आहे आणि तो काढल्याबद्दल मनापासून आनंद झाला. मंडेल यांच्या आकृतीत एक न बोललेलं गृहीतक आहे: आजचा दर उद्याही तोच राहील असं सगळे मानतात. तेवढं मान्य केलं तरच i = i* नेमकं खरं ठरतं. तुम्ही ते गृहीतक काढून टाकलंत, त्यामुळे उत्तर बदललं. पण दिशा बदलली नाही. चलन घसरतं, निव्वळ निर्यात वाढते, उत्पन्न वाढतं. बदललं ते किती आणि किती काळ.

@दिग्रसची_वाचक, उत्तरपत्रिकेत पहिल्या ओळीत लिहा की किमती स्थिर आहेत आणि दर बदलण्याची कोणाची अपेक्षा नाही. मग आकृती निर्धास्त काढा.

जिनवाला_हिंगणघाट

बराच वेळ वाचतोय. मला त्या NX च्या ओळीतल्या २ बद्दल विचारायचंय. डॉलर एक रुपयानं महागला की निव्वळ निर्यात २ नं वाढते, असं सर धरून चालले. सगळा खेळ त्या २ वर उभा आहे. तो आला कुठून?

आमच्या धंद्यातलं सांगतो. रुईचा भाव आम्ही खंडीवर बोलतो, ३५६ किलो. न्यूयॉर्कला भाव पौंडाला सेंटमध्ये निघतो. समजा तिथे ७० सेंट आहे. खंडीत ७८५ पौंड बसतात, म्हणजे साधारण ५५० डॉलर. डॉलर ८० ला असेल तर ४४ हजार रुपये, ९६ ला असेल तर ५२ हजार ७०० च्या वर. कागदावर निर्यातदाराला मजा. पण माल किती आहे? पेरा जून-जुलैमध्ये झाला, कापूस वेचून झाला, गाठी बांधून झाल्या. रुपया फेब्रुवारीत पडला म्हणून वावरात एक बोंड जास्त येत नाही. भाव बदलला, माल तोच. पुढच्या हंगामात कदाचित पेरा वाढेल, तोही पाऊस आणि सोयाबीनचा भाव बघून.

दुसरीकडे आयातीचं बिल लगेच वाढतं. डीएपी, पोटॅश, खाद्यतेल, डिझेल. त्यांच्याशिवाय चालत नाही, म्हणून घेणं कमी होत नाही. मग पहिल्या वर्षी तो २ शून्याच्याही खाली जाऊ शकतो का?

आर्वीकर_सर

जाऊ शकतो, आणि या सगळ्या मांडणीचं खरं दुखरं ठिकाण तेच आहे. निर्यात आणि आयात मिळून भावाला पुरेसा प्रतिसाद देत नसतील तर चलन घसरूनही व्यापारतोल सुधारत नाही. सुरुवातीला तो बिघडतो आणि करार बदलले, नवीन गिऱ्हाईक मिळालं की सुधारतो. त्या मधल्या काळात आयएस उजवीकडे नाही, डावीकडे जाते. मग e अजून वर गेला तरी हा प्रतिसाद सुधारेपर्यंत आडव्या रेषेवर एलएमशी गाठ पडत नाही. आकृतीत हे दिसत नाही, कारण तिच्यात काळच नाही.

शिवाय या मॉडेलमध्ये धरलंय की रिकामी यंत्रं आणि रिकामे हात आहेत, मागणी आली की माल निघतो. कापसाला ते लागू होत नाही. सूतगिरणी अर्ध्या क्षमतेनं चालत असेल तर तिला लागू होतं.

मुंबईत_वर्धेचा

जपानमध्येही हेच घडलं. येन एवढा पडला, पण निर्यातीचं प्रमाण फारसं हललं नाही. बऱ्याच कंपन्यांनी परदेशातला डॉलरमधला भाव होता तोच ठेवला आणि येनमधला वाढीव पैसा नफा म्हणून घेतला. त्यातच फुकुशिमाच्या अपघातानंतर अणुभट्ट्या बंद पडल्या, इंधन आयात करावं लागत होतं आणि ते येनमध्ये महाग पडलं. व्यापार तुटीतच राहिला. व्याज तर आधीपासूनच शून्याजवळ होतं, त्यामुळे 'व्याज पडलं आणि परत आलं' हा भाग तिथे दिसलाच नाही. विनिमय दराची वाट मात्र ठळक दिसली, आणि तिच्या शेवटाला अपेक्षेपेक्षा कमी माल निघाला.

बँकवाला_पुसद

म्हणजे मी म्हणत होतो तेच. देशांतर्गत गुंतवणूकच खरी, निर्यातीच्या भरवशावर राहता येत नाही.

आर्वीकर_सर

नाही, ते निघत नाही. पूर्ण मोकळ्या भांडवलाच्या देशात निर्यात सरकली नाही म्हणून व्याज खाली राहील असं होत नाही. व्याज बाहेरच बांधलेलं आहे. निर्यात सरकली नाही तर चलन आणखी घसरेल. दर सावरेल अशी अपेक्षा असली तरच व्याज काही काळ खाली राहील, ते वर्धेच्या मित्रानं सांगितलंच आहे. आपल्या देशापुरतं तुमचं म्हणणं मी मघाशी अर्धं मान्य केलं आहे.

बँकवाला_पुसद

अर्धं नाही सर. माझ्या मते भारतापुरतं ते जवळजवळ पूर्ण लागू होतं. रिझर्व्ह बँक व्याज अमेरिकेकडे बघून ठरवत नाही, महागाई बघून ठरवते. आडवी रेषा असती तर तिला तसं ठरवताच आलं नसतं.

मुंबईत_वर्धेचा

मोकळ्या दराच्या देशालाही स्वतःची पैशाची धोरणं ठरवता येतात, फक्त त्याची किंमत दरात चुकवावी लागते. पण भारतात मर्यादांचा वाटा किती आणि दराचा किती, यावर आमच्या डेस्कवरही एकमत नाही.

कास्तकार_वणी

तुमचं समदं वाचलं. आता माझा प्रश्न नीट विचारतो. रुपया पडला त कापसाचा भाव आधी वाढते का खताचं पोतं आधी वाढते? आन् वाढलेला भाव आमाले भेटते का?

जिनवाला_हिंगणघाट

भाऊ, भाव आधी रुईचा हलतो. न्यूयॉर्क आणि डॉलर दोन्ही बघून गिरणीवाला दुसऱ्याच दिवशी दर बदलतो. तुमच्या कापसातून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी. सरकीचा भाव इथल्या ढेप आणि तेलाच्या बाजारावर चालतो, तो डॉलरमागे तेवढा धावत नाही. म्हणून रुई वीस टक्के वाढली तर कापूस वीस टक्के वाढत नाही. डीएपीचं म्हणाल तर पोत्याची किंमत सरकार अनुदानानं धरून ठेवतं, तो बोजा आधी तिजोरीवर जातो, तुमच्यापर्यंत उशिरा येतो.

आणि रुपयापेक्षा मोठं काही मध्ये आलं तर हा हिशेब उलटतो. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षाच्या शेवटापर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं होतं. रुपया घसरल्यानं बाहेरचा कापूस महाग पडायला हवा होता, शुल्क गेल्यानं तो स्वस्त पडला.

भेटण्याचं असं आहे. रुपया नोव्हेंबर-डिसेंबरात पडला आणि कापूस तुमच्या घरात असला तर तुम्हाला. मार्चनंतर पडला तर गाठी ज्याच्या गोदामात आहेत त्याला.

दिग्रसची_वाचक

सर, एक शेवटचं. किमती वाढून e ८८ वर येतो, ते याच आकृतीत दाखवायचं असेल तर एलएम डावीकडे परत आणायची हे कळलं, पण आयएसही परत आणायची ना? e अजून ८० च्या वरच आहे, मग ती पूर्ण जुन्या जागी जाईल का?

आर्वीकर_सर

पूर्ण जुन्या जागी जाईल. निर्यातीला ८८ चा आकडा लागत नाही, ८८ भागिले १.१ लागतो, म्हणजे आपल्या मालाच्या तुलनेत डॉलर कितीला पडतो ते. ते ८० च आहे. NX च्या ओळीत e च्या जागी e/P लिहा आणि P १, १.०५, १.१ असे घेऊन तीन वेळा आकृती काढा. मधल्या १.०५ ला उत्पन्न आणि e किती येतात ते इथे टाका, मी तपासतो.